फॅक्टर म्हणजे नक्की काय? शब्द ओळखीचा असला की जास्त फसवतो

माझी भाची आठवीत आहे, गणित इंग्रजीतून शिकते. मागच्या महिन्यात तिची वही चाळताना एक ओळ दिसली,

(3x + 6)/3 = x + 6

त्यावर लाल पेनाने फुली आणि बाजूला शेरा, कन्सेप्ट क्लिअर नाही. आता हा शेरा वाचून त्या पोरीला काय कळणार? म्हणून तिला जवळ बसवलं आणि विचारलं की हे कसं केलंस ते मला सांग. ती म्हणाली, "मावशी, वर 3 आहे, खाली 3 आहे, 3 हा फॅक्टर आहे म्हणून तो कटला." मी म्हटलं बरं, मग 3x + 6 चे फॅक्टर कुठले कुठले? क्षणभरही न थांबता उत्तर आलं, "3x आणि 6." आणि फॅक्टर म्हणजे काय? "ज्यांच्यापासून ती गोष्ट बनलेली असते ते."

हे उत्तर ऐकून मी जरा थांबलेच, कारण रोजच्या भाषेत हे उत्तर चूक नाहीये. आपण म्हणतोच की पेपर अवघड गेला त्यात झोप न होणं हा एक फॅक्टर होता, वेळ कमी पडला हा दुसरा फॅक्टर. म्हणजे एखादी गोष्ट ज्या ज्या घटकांमुळे घडली ते घटक. मग 3x + 6 ही गोष्ट कशाकशाची बनलीय? समोर दिसतंय, 3x आणि 6 ची. मुलीने शब्दाचा अर्थ लावला आणि तो इमानदारीने वापरला. फक्त तो अर्थ गणितातला नव्हता, आणि हे तिला आजवर कोणी सांगितलेलंच नव्हतं.

मला यावर जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. गणितात प्रॉडक्ट, फॅक्टर, रूट, टेबल असे बरेच शब्द आहेत ज्यांना बाहेर एक अर्थ आणि वर्गात दुसरा अर्थ असतो, आणि शाळेची पुस्तकं त्यातला वर्गातला अर्थ एका ओळीच्या व्याख्येत देऊन पुढे जातात, बाहेरच्या अर्थाचा उल्लेखही करत नाहीत. हे बदलायला हवं. दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवून, ते कुठे जुळतात आणि कुठे फुटतात ते दाखवणं हा गणित शिकवण्याचाच भाग आहे, तो भाषेच्या तासावर ढकलता येणार नाही.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं की अहो, संदर्भावरून कळतं, मुलं काय एवढी भोळी नसतात. आणि काही शब्दांच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. टेबल घ्या. सातचं टेबल म्हण म्हटल्यावर आजवर कुठलंही मूल लाकडी टेबलाकडे बघत बसलेलं नाही. मराठीत तर आपण पाढा वेगळा, तक्ता वेगळा, कोष्टक वेगळं असे शब्दच वेगळे ठेवलेत. घात हा शब्द घ्या, दोनाचा पाचवा घात. बाहेर घात म्हणजे दगाफटका, नाश, पण त्यामुळे कोणाचं गणित चुकलंय असं मी पाहिलं नाही. (हा शब्द तसा गमतीचा आहे, जुन्या संस्कृत गणितात गुणाकाराला हनन, वध, घात असेच शब्द होते, त्यातला घात आपल्याकडे उरला.) व्यस्त प्रमाण म्हटल्यावर कामात व्यस्त असलेला माणूस डोळ्यासमोर येतो पण गणितात तो लुडबुड करत नाही. या सगळ्या शब्दांचे दोन अर्थ एकमेकांपासून इतके लांब आहेत की चुकीचा अर्थ घेतला तर वाक्यच लागत नाही, मूल लगेच थांबतं आणि दुसरा अर्थ शोधतं.

धोका असतो तो अर्थ जवळ असले की. फॅक्टरचा बाहेरचा अर्थ गणिताच्या वाक्यात घातला तरी वाक्य लागतं, नुसतं लागत नाही तर शहाणपणाचंही वाटतं, आणि म्हणून मूल थांबत नाही. संदर्भ इथे मदत करत नाही कारण संदर्भाला दोन्ही अर्थ चालतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली हीच एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, लांबचे अर्थ विनोदाला बरे, नुकसान जवळचे अर्थ करतात.

आता पुन्हा त्या वहीकडे. मी तिला विचारलं की 12 चे फॅक्टर सांग. तिने धडाधड 1, 2, 3, 4, 6, 12 सांगितले, सगळे बरोबर. म्हणजे आकड्यांमध्ये तिला फॅक्टर येत होते. पण ते तिला एक कृती म्हणून येत होते, ज्याने भाग जातो ते लिहायचे. 12 फोडून दाखवायला समोर तुकडे नसतात म्हणून बाहेरच्या अर्थाला तिथे शिरायला जागा नव्हती. अक्षरं आली आणि दोन गोष्टी एकदम झाल्या, एक म्हणजे x किती हेच माहीत नाही तर भाग कसा घालून बघणार, आणि दुसरं म्हणजे 3x + 6 मध्ये तुकडे आयते डोळ्यासमोर मांडलेले. जुनी कृती चालेना तेव्हा शब्दाचा जो अर्थ हाताशी होता तो पुढे आला. म्हणूनच सहावीपर्यंत फॅक्टरमध्ये पैकीच्या पैकी घेणारं मूल आठवीत अचानक असं कसं करतंय असं मोठ्यांना वाटतं, पण ते अचानक नसतं.

मग आम्ही एक साधी गोष्ट केली, x ला आकडे दिले. x = 1 घेतला तर 3x + 6 होतं 9. तिने सांगितलेल्या फॅक्टरपैकी 6 ने 9 ला भाग जातो का? नाही. पण 3x म्हणजे 3, त्याने जातो, त्यामुळे ती म्हणाली बघ 3x तरी आहे फॅक्टर. x = 2 घेतला, 3x + 6 झालं 12, 3x झालं 6, भाग जातोय, ती आणखी खूश. x = 5 घेतला, 3x + 6 झालं 21 आणि 3x झालं 15. नाही जात. इथे ती गप्प झाली. मग मी म्हटलं आता 9, 12, 21 या तिघांकडे बघ, कायम कोणाने भाग जातोय? 3 ने. आणि दुसरं कोण? 9 म्हणजे 3 गुणिले 3, 12 म्हणजे 3 गुणिले 4, 21 म्हणजे 3 गुणिले 7. तो दुसरा आकडा 3, 4, 7 असा येतोय, x होता 1, 2, 5. "दोन जास्त आहे," ती म्हणाली, आणि मग स्वतःच लिहिलं 3(x + 2). म्हणजे फॅक्टर 3 आणि x + 2, आणि मूळ उत्तर x + 2. तिचं x + 6 हे x = 1 ला 7 देतं आणि खरं उत्तर 9/3 म्हणजे 3 यायला हवं, हे तिने माझ्या आधी पाहिलं.

यात मला महत्त्वाचं वाटलं ते असं की तिला अडत होतं ते गणित नव्हतं, फॅक्टर हा तुकडा नसतो एवढी एकच गोष्ट तिला कोणी सांगायला हवी होती. बेरजेत जोडलेल्या तुकड्याला टर्म म्हणतात, मराठीत पद. फॅक्टर म्हणजे ज्याच्याने पूर्ण गोष्टीला भाग जातो तो, पूर्ण गोष्टीला, तिच्या एका कोपऱ्याला नाही. रोजच्या भाषेत या दोन्हीला आपण घटक किंवा फॅक्टर म्हणून मोकळे होतो कारण तिथे फरक पडत नाही. गणितात सगळा फरक तिथेच पडतो.

आणि मराठी माध्यमात हे सोपं आहे असं कोणाला वाटत असेल तर तसंही नाही. आपला शब्द अवयव. अवयव पाडा. अवयव म्हणजे हात, पाय, नाक, डोळे, शरीराचे भाग, जे सगळे जोडून शरीर बनतं. म्हणजे पुन्हा तेच, जोडलेले तुकडे. 3x + 6 चे अवयव 3x आणि 6 असं मराठीतून शिकणाऱ्या मुलाने लिहिलं तर त्यामागेही तेवढंच सरळ कारण आहे. विभाजक हा दुसरा शब्द आपल्याकडे आहे आणि तो या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे, विभागणारा, भाग घालणारा. पण आकड्यांना विभाजक म्हणायचं आणि राशी आली की अवयव म्हणायचं अशी सवय पडलेली असल्याने दोन्ही एकच आहेत हेच कितीतरी मुलांना माहीत नसतं. माझं म्हणणं असं नाही की अवयव शब्द फेकून द्या. पण राशीचे अवयव शिकवायला घेताना पहिल्याच दिवशी एक वाक्य बोला की हा अवयव म्हणजे हातापायासारखा जोडलेला भाग नाही, हा विभाजकच आहे.

प्रॉडक्टची गोष्ट थोडी वेगळी आहे. सहा आणि चारचा प्रॉडक्ट काय, याला 10 असं उत्तर देणारी लहान मुलं असतात आणि त्यांना 6 × 4 लिहून दिलं तर तीच मुलं 24 सांगतात. बाहेर प्रॉडक्ट म्हणजे तयार झालेली वस्तू. दोन आकड्यांपासून जे तयार होईल ते प्रॉडक्ट, मग बेरीज करून तयार झालेलं का नाही चालणार? मुळात शब्द तसाच बनलाय, लॅटिनमध्ये पुढे आणणं, निर्माण करणं या अर्थाच्या क्रियापदावरून. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात गुणाकाराला प्रत्युत्पन्न असा शब्द वापरलाय, त्यातही उत्पन्न होणं आहेच, म्हणजे दोन लांबच्या भाषांना तीच कल्पना सुचली. मराठीत आज गुणाकार म्हणतो आणि त्याला बाहेर दुसरा अर्थ नाही, त्यामुळे ही पहिली अडचण मराठीत येत नाही.

पण प्रॉडक्टची खरी अडचण पुढे येते, आणि ती जास्त कोणी बोलत नाही. प्रश्न असतो, 60 हा प्राइम फॅक्टर्सचा प्रॉडक्ट म्हणून लिहा. हवं असतं 2 × 2 × 3 × 5. वह्यांमध्ये काय येतं? एक तर 2, 3, 5 अशी स्वल्पविराम देऊन यादी, किंवा 2, 2, 3, 5 अशी यादी, आणि मार्क जातात. मूल म्हणतं मला सगळे फॅक्टर आले होते तरी मार्क का कापले. कारण प्रॉडक्ट म्हणजे त्याच्या लेखी तयार माल, शेवटचं उत्तर, आणि शेवटचं उत्तर तर 60 आहे आणि ते प्रश्नातच दिलंय, मग प्रॉडक्ट म्हणून लिहा याचा अर्थच त्याला लागत नाही, म्हणून ते तेवढा भाग सोडून फॅक्टर लिहून मोकळं होतं. गणितात प्रॉडक्ट हा शब्द दोन गोष्टींसाठी येतो, गुणून आलेलं उत्तर आणि न गुणता तशीच ठेवलेली मांडणी. 2 × 2 × 3 × 5 ही मांडणीच प्रॉडक्ट आहे, 3(x + 2) ही मांडणी प्रॉडक्ट आहे, तिच्यात करायचं काही शिल्लक नाही. ज्या मुलाच्या डोक्यात प्रॉडक्ट म्हणजे फक्त उत्तर आहे ते 3(x + 2) बघितलं की कंस सोडवायला धावतं आणि पुन्हा 3x + 6 करून ठेवतं, मग आपण म्हणतो आत्ताच तर फॅक्टर काढले होतेस, परत का गुणलंस.

यासाठी एक चाचणी मला फार उपयोगी वाटते. राशीत x ला एखादा आकडा द्या आणि हिशोब करताना सगळ्यात शेवटी कुठली क्रिया होते ते बघा. 3(x + 2) मध्ये x = 5 ठेवला तर आधी 5 अधिक 2 सात, मग शेवटी 3 गुणिले 7. शेवटची क्रिया गुणाकार, म्हणून ही राशी प्रॉडक्ट आहे आणि ज्या दोघांना शेवटी गुणलं ते फॅक्टर. 3x + 6 मध्ये आधी 15, मग शेवटी 15 अधिक 6. शेवटची क्रिया बेरीज, म्हणून ही राशी सम म्हणजे बेरीज आहे आणि ते दोघे टर्म. किंमत दोन्हीची 21च, पण बांधणी वेगळी. वर आणि खाली काटाकाटी करायची तर जे कापायचं ते वर आणि खाली दोन्हीकडे पूर्ण राशीचा फॅक्टर असायला लागतं, शेवटच्या बेरजेतला तुकडा नाही, हे कळलं की (x + 6)/6 मधले सहा कापायचा मोह सुटतो. कितीही पाठ केलेल्या नियमापेक्षा हे टिकतं, कारण यात मुलाला शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही, स्वतः करून बघता येतं.

आता लोक दोन उपाय सुचवतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिला, सोपे शब्द वापरा, प्रॉडक्ट कशाला म्हणायचं, गुणून येणारं उत्तर म्हणा ना. वर जे सांगितलं त्यावरून लक्षात येईल की यामुळे त्या मुलाची चूक उलट पक्की होते, कारण प्रॉडक्ट म्हणजे फक्त उत्तर हाच तर त्याचा गैरसमज आहे आणि तोच आपण व्याख्या म्हणून दिला. शब्द सोपा झाला पण त्यातली मांडणी हरवली. दुसरा उपाय म्हणजे कीवर्डची यादी, प्रॉडक्ट दिसला की गुणा, टोटल दिसलं की बेरीज, डिफरन्स दिसला की वजाबाकी, भिंतीवर चिकटवलेला तक्ताच असतो काही वर्गांत. ही यादी पहिल्या पाच गणितांना चालते आणि मग उलटते. दोन संख्यांचा प्रॉडक्ट 48 आहे, एक संख्या 6 आहे, दुसरी कोणती? यादीवाला मुलगा 48 गुणिले 6 करून 288 सांगतो, आणि त्याने यादी अगदी बरोबर पाळलेली असते. यादी शब्दाचा अर्थ शिकवत नाही, शब्द न वाचता पुढे कसं जायचं ते शिकवते.

मग हवंय काय? माझी मागणी तशी छोटी आहे. पुस्तकात जिथे असा शब्द पहिल्यांदा येतो तिथे व्याख्येच्या शेजारी दोन ओळी, बाहेर हा शब्द कसा वापरतात आणि इथे तो वेगळा कुठे होतो. आणि एक असं उदाहरण जे बाहेरच्या अर्थाने बसतं पण गणिताच्या अर्थाने बसत नाही, 6 हा 3x + 6 चा फॅक्टर का नाही असं. हे शेवटचं सर्वात गरजेचं, कारण व्याख्या आणि चार बरोबर उदाहरणं वाचून मुलाचा गैरसमज जिथल्या तिथे राहतो, तो कुठे आदळतच नाही. शिक्षकांकडून एवढंच की व्याख्या सांगायच्या आधी मुलांना विचारा, हा शब्द तुम्ही कुठे ऐकलाय, तुमच्या मते याचा अर्थ काय. पाच मिनिटं जातात, पण वर्गात कुठला अर्थ फिरतोय ते कळतं. आणि पेपर काढणाऱ्यांनी एकदा ठरवावं की हा प्रश्न शब्द तपासायला आहे का गणित तपासायला आहे. शब्द तपासायचा तर खुशाल तपासा, तो यायलाच हवा. पण दोन्ही एकाच मार्कात गुंडाळलं की मूल चुकलं एवढंच कळतं, कशात चुकलं ते कळत नाही.

आणि हे कळण्याची पद्धत सोपी आहे, कुठल्याही पालकाला घरी करता येईल. तोच प्रश्न शब्द काढून द्या. 60 प्राइम फॅक्टर्सचा प्रॉडक्ट म्हणून लिहा याऐवजी 60 = □ × □ × □ × □ असं लिहून द्या, प्रत्येक चौकटीत प्राइम हवा म्हणून सांगा. मूल भरू शकलं तर अडचण शब्दात होती. नाही भरू शकलं तर शब्दाला दोष देऊ नका, तिथे भागाकार किंवा प्राइम म्हणजे काय हेच कच्चं आहे आणि शब्दांचे अर्थ समजावत बसलात तर वेळ जाईल. हे मी मुद्दाम सांगतेय कारण एकदा भाषेचा मुद्दा पटला की प्रत्येक चूक भाषेचीच वाटायला लागते, माझंही काही दिवस तसं झालं होतं.

राहिला रूट, आणि तो सगळ्यात अवघड, कारण त्याचे दोन अर्थ बाहेर आणि आत असे नाहीत, आतच दोन आहेत. 9 चा स्क्वेअर रूट, आणि x² − 5x + 6 = 0 या समीकरणाचे रूट्स. भाचीला दुसऱ्या प्रकारचं गणित दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न होता की यात रूट कुठे आहे, म्हणजे ते √ चिन्ह कुठे आहे. प्रश्न रास्त आहे. या समीकरणाचे फॅक्टर (x − 2)(x − 3), म्हणून रूट 2 आणि 3, आणि 2 हा इथे दिसणाऱ्या कुठल्याच आकड्याचा स्क्वेअर रूट नाही. मराठीत तर वर्गमूळ, समीकरणाची मुळं आणि वर मूळ संख्या म्हणजे प्राइम, असा तिसरा मूळ अजून येतो.

फॅक्टरचा नीट अर्थ इथे किती कामाला येतो ते बघा. दोन गोष्टींचा गुणाकार शून्य असेल तर दोघांपैकी एक तरी शून्य असायलाच हवी, म्हणून x − 2 = 0 किंवा x − 3 = 0. फॅक्टर म्हणजे जोडलेला तुकडा असं डोक्यात असलेल्या मुलाला ही पायरी पटूच शकत नाही, कारण बेरीज शून्य व्हायला कुठलाच तुकडा शून्य असावा लागत नाही. मग ते पायरी पाठ करतं, आणि पाठ केलेली म्हणून x − 2 वरून रूट −2 लिहून टाकतं.

पण याला रूट का म्हणायचं, हे तिला सांगायला मला मागे जावं लागलं. वर्गमूळ हा शब्द आपल्याकडे आर्यभटाच्या 499 सालच्या ग्रंथात आहे, वर्गमूळ काढायची रीतच त्यात दिलीय. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने समीकरणं सोडवताना अज्ञात संख्येला जो अरबी शब्द वापरला त्याचाही अर्थ झाडाचं मूळ, आणि बाराव्या शतकात त्याचं लॅटिन भाषांतर झालं तेव्हा तिथेही मुळाचाच शब्द आला, तिथून तो युरोपभर गेला. त्याचं एक गणित प्रसिद्ध आहे, एक वर्ग आणि त्याची दहा मुळं मिळून 39 होतात, तर मूळ किती? आजच्या भाषेत x² + 10x = 39. मी ते भाचीला असंच शब्दांत दिलं, x न लिहिता. तिने अंदाजाने 2 धरून बघितलं, 4 आणि 20 म्हणजे 24, कमी पडले. मग 3, 9 आणि 30, एकोणचाळीस. तर इथे 3 हे 9 या वर्गाचं वर्गमूळही आहे आणि समीकरणाचं उत्तरही आहे, दोन्ही अर्थ एकाच आकड्यात आहेत, कारण सुरुवातीला ते दोन अर्थ नव्हतेच. वर्ग जिच्यातून उगवतो ती संख्या म्हणजे मूळ, आणि शोधायचीही तीच. पुढे समीकरणं वाढली, घन आले, त्यावरचे घात आले, आणि शोधायच्या संख्येला रूट म्हणायची सवय तशीच राहिली, वर्ग असो नसो.

हे सांगायला दहा मिनिटं लागली. त्यानंतर यात रूट कुठे आहे असं तिने विचारलं नाही. √9 ला मात्र ती अजूनही प्लस मायनस 3 लिहिते, आणि तिथेही तिचं पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही, 9 ची वर्गमुळं विचारली तर 3 आणि −3 दोन्ही आहेत, पण √ हे चिन्ह त्यातलं उणे नसलेलं एकच उचलायचं असं ठरलेलं आहे, आणि x² = 9 या समीकरणाचे रूट्स विचारले तर पुन्हा दोन्ही. शब्दाची दोन उत्तरं आणि चिन्हाचं एक, हे पुस्तकाने ठळक छापायला हवं, ते एका तळटीपेत असतं.

त्या 39 च्या गणितावर तिने दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "पण मावशी, वर्ग असेल तर रूट दोन पाहिजेत ना, दुसरा कुठाय?" मी म्हटलं शोध. तिने x² + 10x − 39 चे फॅक्टर पाडले, (x − 3)(x + 13), आणि मग −13 ठेवून ताळा घेतला, 169 वजा 130, एकोणचाळीस. अल-ख्वारिझ्मीने हा दुसरा रूट धरलेला नाही, त्याच्यासाठी मूळ म्हणजे चौरसाची बाजू होती आणि चौरसाची बाजू उणे तेरा कशी असणार.